पिन बक्कल की फोल्डिंग क्लास्प: घड्याळाच्या लेदर पट्ट्यासाठी मोजून निवड कशी करावी

घड्याळाचा लेदरचा पट्टा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी आधी जातो: आपण रोज वापरतो त्या भोकापाशी. पट्टा काढून उजेडात धरा आणि ते भोक शेजारच्या न वापरलेल्या भोकाशी ताडून बघा. न वापरलेलं गोल असतं, वापरातलं लांबट झालेलं असतं. त्याच्या आजूबाजूला आडवी घडी पडलेली दिसते, घडीवरचा रंग फाटलेला असतो आणि कडेला लावलेला रंगाचा थर त्याच रेषेत तडकलेला असतो. अस्तर सुटायलाही तिथूनच सुरुवात होते. ही झीज वाचवायची म्हणून लोक पिन बक्कल काढून फोल्डिंग क्लास्प बसवतात. त्याने बऱ्याच पट्ट्यांचं आयुष्य खरोखर वाढतं, पण बदल्यात मनगटाखाली एक कडक धातूची पट्टी येते आणि पट्ट्याचं माप एका भोकावर अडकून पडतं. तुमच्या मनगटाला हा सौदा परवडतो का, हे क्लास्प विकत घेण्याआधी मोजून कळू शकतं. ते कसं मोजायचं, हेच इथे सांगतो. स्टीलच्या साखळीचं आणि कापून बसवायच्या रबर पट्ट्याचं गणित वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही.

दोन्हींची रचना

लेदर पट्ट्याचे दोन तुकडे असतात. १२ च्या आकड्याकडचा आखूड तुकडा बक्कल धरतो आणि ६ च्या आकड्याकडच्या लांब तुकड्याला भोकं असतात. पिन बक्कलमध्ये चौकट आणि पिन या दोन्ही आखूड तुकड्याच्या टोकातल्या स्प्रिंग बारवर, म्हणजे टोकं आत दबणाऱ्या बारीक दांडीवर बसतात. पिन त्या बारभोवतीच फिरते, त्यामुळे बक्कल लावल्यावर भोक जवळजवळ बारच्या वरच येऊन थांबतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

फोल्डिंग क्लास्पमध्ये एकमेकांवर दुमडणारी वाकवलेली धातूची पाती असतात. त्यांचं एक टोक आखूड तुकड्याच्या स्प्रिंग बारवर अडकतं. दुसऱ्या टोकाला पिन असते आणि ती लांब तुकड्याच्या एका भोकात एकदाच बसवून ठेवायची असते. त्यानंतर पट्टा कायम एक वेढं बनून राहतो. पाती उघडली की वेढं मोठं होतं आणि हात आत जातो, पाती मिटली की घड्याळ मनगटावर बसतं. एका बाजूने उघडणारा प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो. बटरफ्लाय प्रकारात दोन्ही बाजूंची पाती मधे येऊन मिटतात. मिटलेलं बटरफ्लाय जास्त नीटस दिसतं, पण साध्या पट्ट्यावर ते बसवणं अवघड का असतं हे पुढच्या हिशेबात दिसेल.

आधी मनगट ओळखा

क्लास्पचा विचार करण्यापूर्वी थोडे दिवस सकाळी आणि संध्याकाळी मनगटाचा घेर मोजा. शिवणकामाची मऊ टेप घ्या आणि घड्याळ जिथे बसतं बरोबर तिथे, मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, न आवळता लावा. उन्हात फिरून आल्यावर किंवा व्यायामानंतरही एकदा मोजून ठेवा. उष्णतेने आणि हालचालीने मनगट फुगतं. कोणाचं किती फुगतं यात मोठा फरक असतो आणि निर्णय बराचसा इथेच होतो.

पट्ट्याच्या दोन भोकांमधलं अंतर साधारण ६ ते ७ मि.मी. असतं. पिन बक्कलवर दुपारी घट्ट वाटलं तर एक भोक सैल करायला काही सेकंद पुरतात. क्लास्पवर तेच करायचं तर घड्याळ हातातून काढा, लूपमधून लांब तुकड्याचं टोक, म्हणजे शेपूट सोडवा, पिन उपसा, पुढच्या भोकात बसवा आणि सगळं परत घाला. हे कोणी रोज करत नाही. लोक सैल भोक निवडून मोकळे होतात आणि मग सकाळभर घड्याळ मनगटाच्या बाहेरच्या बाजूला घसरत राहतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं की ज्यांचं मनगट दिवसभरात एका भोकाएवढं किंवा त्याहून जास्त बदलतं, त्यांनी पिन बक्कलच ठेवावं. काही क्लास्पमध्ये थोडं थोडं सैल करायची सोय असते, तेवढाच याला अपवाद.

भोकांचा हिशेब

आता क्लास्पकडे वळू. क्लास्प बंद करा आणि स्प्रिंग बारच्या मध्यापासून पिनच्या बुडापर्यंतचं अंतर वाकाच्या बाजूने मोजा. याला बंद अंतर म्हणू. मग क्लास्प पूर्ण उघडून तेच अंतर पुन्हा मोजा, हे उघडं अंतर. घेण्याआधी क्लास्प हातात मिळत नसेल तर विकणाऱ्याकडून ही दोन मापं मागून घ्या. पिन बक्कलमध्ये बंद अंतर जवळजवळ शून्य असतं. क्लास्पमध्ये जेवढं असेल तेवढं वेढं मोठं होतं आणि ते भरून काढायला पट्टा तेवढाच आवळावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. मनगट १६५ मि.मी. आहे. पट्टा ७५ आणि ११५ मि.मी. असा दोन तुकड्यांचा आहे, ७ भोकं आहेत आणि भोकांमध्ये ६ मि.मी. अंतर आहे. घड्याळाकडून मोजत गेलं तर पिन बक्कलवर तिसरं भोक बरोबर बसतं. एका बाजूने उघडणाऱ्या क्लास्पचं बंद अंतर १२ मि.मी. भरलं. म्हणजे दोन भोकं आवळावी लागणार आणि तिसऱ्याऐवजी पहिलं भोक वापरावं लागणार. क्लास्प बसेल, पण अगदी काठावर. थंडीत मनगट बारीक झालं तर आवळायला पुढे भोकच उरलेलं नाही. शिवाय पिनच्या पलीकडे शेपूट आधीपेक्षा १२ मि.मी. जास्त उरतं, ते क्लास्पच्या लूपच्या बाहेर येऊन बाहीत अडकू शकतं.

याच पट्ट्यावर बटरफ्लाय घालून पाहा. त्याचं बंद अंतर ३० मि.मी. धरलं तर पाच भोकं आवळायला हवीत आणि आपण आहोत तिसऱ्यावर. ते बसणारच नाही. अशा वेळी लांब तुकडा आखूड असलेला पट्टा घ्यावा लागतो. क्लास्पसोबत विकले जाणारे पट्टे अनेकदा आखूड मापात मिळतात ते याच कारणाने.

मधलं माप आलं तर? समजा बंद अंतर ९ मि.मी. निघालं. ते दीड भोक होतं, म्हणजे पट्टा एक तर ३ मि.मी. सैल राहणार किंवा ३ मि.मी. घट्ट. अशा वेळी दोन भोकांच्या मधे नवं भोक पाडायचा मोह होतो. ते करू नका. भोकाचा व्यासच दीड-दोन मि.मी. असतो, म्हणजे ३ मि.मी. वर नवं भोक पाडलं तर मधे जेमतेम एक-दीड मि.मी. लेदर उरतं. पिनच्या ताणाने ते फाटतं आणि दोन्ही भोकं एक होतात. अशा मापाला दुसरं क्लास्प किंवा दुसरा पट्टा शोधावा.

आता उघड्या अंतराकडे. अंगठा तळहातात दुमडून हाताचा सर्वांत रुंद घेर मोजा. उदाहरणात तो २१० मि.मी. आहे असं समजू. बंद पट्ट्याचं आतलं वेढं १७२ मि.मी. आहे. क्लास्पचं उघडं अंतर ६६ मि.मी., म्हणजे उघडल्यावर वेढं ५४ मि.मी. वाढून २२६ होतं. हात आरामात जाईल. पण पाती आखूड असून वाढ फक्त ३० मि.मी. असती तर वेढं २०२ वर थांबलं असतं आणि हात रोज जोर लावून घालावा लागला असता. त्यात पट्टा ताणला जातो आणि बिजागरीही वाकते. मनगट बारीक आणि पंजा रुंद असलेल्यांनी हे माप कधीच गाळू नये.

मनगटाखाली काय टोचतं

मनगटाची खालची बाजू मधे बरीच सपाट असते आणि कडांना एकदम वळते. पिन बक्कलची चौकट छोटी असल्यामुळे ती या सपाट भागात मावते. क्लास्पची पाती लांब असतात आणि त्यांचा बाक कारखान्यात ठरलेला असतो. तुमच्या मनगटाशी तो जुळेलच असं नाही.

जुळतो का ते पट्टा न लावताही बघता येतं. नुसतं बंद क्लास्प मनगटाच्या खालच्या बाजूला ठेवा, बोटाने हलकं दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरून मूठ वळा, मनगट वर-खाली वाकवा. मग क्लास्प उचलून त्वचेवरचे वण बघा. दोन टोकांना दोन आडव्या रेघा उमटल्या आणि मधे काहीच नसेल, तर क्लास्पचा बाक तुमच्या मनगटापेक्षा जास्त आहे. त्याची टोकं दिवसभर रुतत राहतील. क्लास्पची टोकं मनगटाच्या कडांच्याही बाहेर जात असतील तर ते तुमच्यासाठी लांब आहे, मूठ वळल्यावर एक कडा हाडाला लागेल. वण पसरट आणि सगळीकडे सारखा असेल तर जोडी जमली. धातू वाकवून बाक बदलायला जाऊ नका. पाती जराशी पिळली तरी खटका बसेनासा होतो.

क्लास्प मनगटाच्या मध्यावर येतं का, हेही बघा. आखूड तुकडा तुमच्या मनगटाला जास्तच लांब असेल तर क्लास्प एका बाजूला सरकतं आणि घड्याळ दुसरीकडे कलतं. भोक बदलून हे सुटत नाही, कारण भोकं लांब तुकड्याला आहेत. ते सुटतं फक्त आखूड तुकडा लहान असलेल्या पट्ट्याने. पिन बक्कलवरही हा दोष असतो, पण लहान चौकट थोडी बाजूला असली तरी टोचत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

टेबलावर हात टेकून लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मिटलेली पाती आणि पट्ट्याचे थर मिळून क्लास्प पिन बक्कलपेक्षा बहुधा जाड भरतं. मनगट उचललं जातं आणि क्लास्पच्या बाहेरच्या तोंडावर ओरखडे पडतात.

झीज कमी होते की जागा बदलते

पिन बक्कल लावताना लेदरला दोनदा त्रास होतो. एकदा पिन भोकात घालण्यासाठी आपण शेपूट मागे खेचतो तेव्हा, आणि एकदा काढताना पिन सुटावी म्हणून पुन्हा खेचतो तेव्हा. प्रत्येक वेळी लेदर त्याच रेषेवर चौकटीच्या काठावरून कडक वाकतं. यातला मोठा भाग हात फिरवण्याच्या पद्धतीचा असतो. शेपूट चौकटीतून घातल्यावर ते उलटं दुमडून खेचू नका. लांब तुकडा खालून बोटाने पुढे ढकला म्हणजे तो मोठ्या गोलाईत वर येतो. भोक पिनच्या टोकाच्या जेमतेम पुढे गेलं की थांबा, पिन नखाने सरळ करा आणि पट्टा मागे सोडा, पिन आपोआप आत बसते. काढतानाही शेपूट लूपमधून ओढून बाहेर न काढता मागून ढकलत गोलाईत बाहेर आणा. ही सवय लागली तर घडी बरीच उशिरा पडते आणि अनेकांना क्लास्पची गरजच उरत नाही.

क्लास्पमध्ये ही रोजची घडी थांबते, हे त्याचं खरं मोल. मगरीच्या कातड्यासारख्या महागड्या किंवा सहज तडकणाऱ्या लेदरसाठी मी याच एका कारणाने क्लास्प सुचवतो. पण झीज दुसरीकडे जाते. लांब तुकडा आणि पाती यांच्यामधे घाम अडकतो, हवा लागत नाही, आणि काही महिन्यांत अस्तरावर पात्याच्या आकाराचा काळपट पट्टा दिसायला लागतो. रात्री घड्याळ काढल्यावर क्लास्प उघडंच ठेवलं तर हे बरंच टळतं. धातूखालचं लेदर कोरड्या कापडाने रोज टिपून घ्यावं.

दुसरी झीज उघडण्याच्या पद्धतीने होते. खटका नुसत्या घर्षणावर धरणारं क्लास्प उघडायला बरेच जण पट्ट्याचं शेपूट किंवा घड्याळच खेचतात. तो सगळा ताण पिनच्या भोकावर आणि स्प्रिंग बारभोवतीच्या शिवणीवर येतो. अशा क्लास्पची धातूची कड नखाने उचलावी, लेदरला हात लावू नये. दोन्ही बाजूंना बटणं असलेलं क्लास्प घेतलं तर हा प्रश्नच येत नाही: अंगठा आणि तर्जनीने दोन्ही बटणं दाबली की पाती सुटतात. लेदरसाठी मी बटणवालंच पसंत करतो.

बसवताना

बक्कलच्या बाजूची रुंदी मोजा, घड्याळाच्या बाजूची नाही. घड्याळाशी २० मि.मी. असलेला पट्टा बक्कलपाशी अनेकदा १८ किंवा १६ मि.मी. असतो, आणि क्लास्प त्या मापाचं लागतं. लांब तुकड्याची शेपटाकडची जाडीही बघा. जाड, भरीव पट्टा बऱ्याच क्लास्पच्या फटीत शिरत नाही, आणि जोराने घातला तर बाहेरचा थर सोलून निघतो.

मऊ कापड पसरून त्यावर काम करा. स्प्रिंग बारच्या अवजाराने आखूड तुकड्यातलं पिन बक्कल सोडवा आणि चौकट, पिन व बार एकत्र जपून ठेवा. नवा बार शिवलेल्या बोगद्यातून अडखळत जात असेल तर तो जाड आहे. जोर केला तर शिवण उसवते, म्हणून पातळ बार वापरा. क्लास्पची बाहेरची बाजू बाहेर आणि पाती मनगटाकडे आहेत ना, हे बघून बार बसवा. दोन्ही टोकं खटकन बसली की क्लास्प धरून आखूड तुकडा दोन्ही बाजूंना जरा जोराने ओढून बघा. अर्धवट बसलेला बार इथेच सुटला पाहिजे, रस्त्यात नव्हे.

मग हिशेबाने आलेलं भोक पिनवर बसवा आणि शेपूट लूपमध्ये घाला. इथे एक अडचण बऱ्याच जणांना येते. साध्या पट्ट्याची लूपं आखूड तुकड्यावर असतात. शेपूट त्यांत गेलं तर क्लास्प उघडताना ते दर वेळी बाहेर काढावं लागतं आणि मिटल्यावर परत खोवावं लागतं, म्हणजे क्लास्पची सगळी सोय गेली आणि शेपटाला रोजचं वाकणंही परत आलं. त्यामुळे स्वतःची लूपं असलेलं क्लास्प निवडा. पट्ट्यावरचं सरकतं लूप काढून टाका. शिवलेलं लूप मधे येत असेल तर त्या पट्ट्यावर पिन बक्कलच बरं.

रोजचं घालणं आणि काढणं

बोटांची सांधेदुखी, हात थरथरणं किंवा बारीक पकड जमत नसणं असं काही असेल तर एका हाताने पिन भोकात घालणं हे खरं कष्टाचं काम आहे. त्यांना क्लास्पने लगेच फरक पडतो, कारण वेढ्यात हात घालून पाती मिटायची एवढंच उरतं. मात्र घेण्याआधी बटणांचा स्प्रिंग किती कडक आहे ते त्यांनी स्वतः दाबून बघायला हवं. काही बटणं पिनपेक्षाही जास्त जोर मागतात.

घड्याळ पडण्याच्या बाबतीतही क्लास्प सुरक्षित. पिन बक्कल सुटलं की पट्टा पूर्ण उघडतो आणि घड्याळ हातातून निसटू शकतं. क्लास्प सुटलं तरी घड्याळ वेढं बनून पंजाशी अडकतं. घर्षणावरचं क्लास्प जुनं झाल्यावर आपोआप उघडायला लागतं. गादीवर हात धरून मनगट झटकून बघा. दोन-तीन झटक्यांत उघडलं तर घड्याळजीकडून खटका कसून घ्या. बिजागरीत पाती बाजूला डुलत असतील तर मात्र कसून फायदा नाही, क्लास्प बदलावं.

नवं क्लास्प लावल्यावर आठवडाभराने पट्टा एकदा उजेडात धरून बघा. पिनच्या भोकाचा घड्याळाच्या उलट दिशेचा काठ ताणलेला दिसला तर तुम्ही उघडताना लेदर खेचत आहात. अस्तरावर एकाच कडेला चकचकीत रेघ उमटली असेल तर पात्याची ती कड घासते आहे. कड बोटाने चाचपून धारदार लागली तर घड्याळजीकडून घासून घ्या. आणि संध्याकाळी त्वचेवर दोन आडव्या रेघा राहत असतील तर एक भोक सैल करून आणखी काही दिवस बघा. रेघा तशाच राहिल्या तर बाक जुळलेला नाही. जपून ठेवलेलं पिन बक्कल परत बसवा आणि पट्टा बंद अंतराएवढा पुन्हा सैल करा: उदाहरणातल्या पट्ट्यावर पहिल्या भोकावरून परत तिसऱ्यावर.